म्हातारीचं उत्तर शेवटच्या स्लाइडवर

आटपाट नगराच्या राजाच्या मनात आलं, की महादेवाचा गाभारा दुधानं भरावा. त्यानं दवंडी पिटवली, की सोमवारी गावातलं सगळं दूध देवळात आणावं. राजाज्ञा ती. लोकांनी वासरांना पिऊ दिलं नाही, पोरांना थेंबभर दिलं नाही, घरचं सगळं दूध घागरींनी आणून ओतलं. गाभारा काही भरला नाही. दुपारी एक म्हातारी आली. तिनं आधी घरातल्या लेकरांना, सुनांना आणि वासरांना दूध पाजलं होतं आणि मग उरलेलं खुलभर, म्हणजे वाटीभरच, ती घेऊन आली होती. तिनं ते वाहिलं आणि गाभारा काठोकाठ भरला.

श्रावणी सोमवारची ही कहाणी महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत कधी ना कधी वाचली गेली आहे. शाळेत, वाचनालयात, परदेशातल्या मराठी मंडळांच्या मुलांच्या वर्गात गोष्टी आता पडद्यावरही सांगितल्या जातात. त्या स्लाइडवर आणताना काय करावं आणि काय टाळावं, हे समजून घ्यायला मला याच कहाणीइतकी चांगली कहाणी सापडलेली नाही. कारण ती मुळातच एका प्रश्नावर उभी आहे. गावभरच्या दुधानं जे झालं नाही ते वाटीभर दुधानं कसं झालं? या प्रश्नाचं उत्तर हेच तिचं तात्पर्य आहे. तात्पर्य आधी सांगून टाकलं, तर विचारायला प्रश्नच उरत नाही.

तरीही ते आधी सांगितलं जातं आणि बहुतेक वेळा पहिल्याच स्लाइडवर. ‘सर्वांच्या सुखात देवाचे सुख’ असं ठळक अक्षरांत शीर्षक, खाली गोष्टीचं नाव आणि इयत्ता. मुलांना वाचता येतं. पुढची दहा मिनिटं ती ऐकतात, पण काहीच शोधत नाहीत. म्हणून शीर्षकाच्या स्लाइडवर मी फक्त ‘खुलभर दूध’ एवढीच अक्षरं आणि त्याखाली एक इवलंसं भांडं ठेवावं असं म्हणेन. हे एवढंसं भांडं कशाला, एवढंच मुलांच्या डोक्यात राहायला हवं.

तात्पर्य आधी सांगणं हे सरसकट चूक आहे असंही नाही. आपल्याच पंचतंत्रात ते अनेकदा आधी येतं. नसत्या उठाठेवी करणाऱ्याचा पाचर उपटणाऱ्या माकडासारखा नाश होतो, असं एक पात्र श्लोकात सांगतं. दुसरं विचारतं, हे कसं काय? मग गोष्ट सुरू होते. तिथे तात्पर्याचं काम कुतूहल जागवण्याचं असतं, कारण माकड, पाचर आणि नाश यांचा संबंध ऐकणाऱ्याला लागलेला नसतो. राजपुत्रांना राजनीती शिकवायला ही रीत उत्तम होती. पण ‘सर्वांच्या सुखात देवाचे सुख’ या वाक्यात न कळण्यासारखं काहीच नाही, त्यामुळे ‘हे कसं काय’ असं कुणी विचारत नाही. इसापनीतीच्या मराठी पुस्तकांत गोष्ट संपली की ‘तात्पर्य’ येतं. खुलभर दुधाच्या जातीच्या गोष्टींना तीच जागा शोभते.

एक चित्र दाखवून गोष्ट सांगायची, मग ते बाजूला सारून दुसरं दाखवायचं, हे आपल्याकडे नवं नाही. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर समाजाचे चित्रकथी पिढ्यानपिढ्या हेच करत आले आहेत. सुट्या कागदांवर रंगवलेली रामायण-महाभारतातली चित्रं, दोन-दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटवलेले, अशा चित्रांचा गठ्ठा म्हणजे त्यांची पोथी. कथेकरी गातो, सांगतो आणि चित्र समोर धरतो. ही कला जपणारे परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. जपानमध्ये कामिशिबाई नावाचा असाच प्रकार आहे. लाकडी चौकटीत जाड कागदांवरची चित्रं एकामागे एक ठेवतात आणि सांगायचा मजकूर चित्राच्या पाठीमागे लिहिलेला असतो. कामिशिबाईवाला कधीकधी चित्र अर्ध्यावर ओढून थांबतो. मागचं चित्र अर्धवट दिसतं आणि मुलं मान वाकडी करून उरलेलं पाहू लागतात.

दोन्हीकडे गोष्ट तोंडून येते आणि प्रेक्षकांना दिसतं ते चित्र. स्लाइड बनवताना नेमकं याच्या उलट होतं. पाठ्यपुस्तकातला परिच्छेद उचलून स्लाइडवर डकवला जातो आणि कोपऱ्यात एक चित्र बसवलं जातं. मग वाचता येणारी मुलं सांगणाऱ्याच्या पुढे धावतात आणि वाचता न येणारी मागे पडतात. खालच्या मांडणीत 13 स्लाइड आहेत आणि त्यांतल्या जेमतेम चार-पाचांवर अक्षरं आहेत. सांगायचं सगळं खालच्या नोट्सच्या चौकटीत. प्रेझेंटर व्ह्यू चालू असेल, तर नोट्स फक्त सांगणाऱ्याच्या पडद्यावर दिसतात.

शीर्षकानंतर दुसरी स्लाइड नगराची. राजा, देऊळ आणि गाभाऱ्याचं आतलं दृश्य, भिंत कापून दाखवावी तसं. हे गाभाऱ्याचं चित्र पुढे पुन्हा पुन्हा लागणार आहे, म्हणून ते एकदाच नीट काढायचं आणि दर वेळी तीच स्लाइड डुप्लिकेट करून फक्त दुधाची पातळी बदलायची. पिंड तिथेच, पायऱ्या तिथेच, चौकट तीच. एवढी एकच गोष्ट बदलली की मुलांची नजर थेट पातळीवर जाते. दर वेळी वेगळं, अधिक सुंदर चित्र वापरलं तर ती देऊळ पाहत बसतात आणि दूध किती भरलं हे त्यांच्या लक्षातच येत नाही.

तिसरी स्लाइड दवंडीची. इथे अक्षरं हवीत, कारण आज्ञा लक्षात राहायला हवी: ‘सोमवारी घरचं सगळं दूध देवळात आणा!’ यातला ‘सगळं’ हा शब्द बाकीच्यांपेक्षा मोठा. गोष्टीची सगळी गडबड त्या शब्दातून सुरू होते, पण हे तोंडानं सांगायचं नाही.

चौथी स्लाइड माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आहे, आणि तिच्यावर एकही अक्षर नको. गावातलं एक अंगण. बाई गायीची धार काढते आहे, पुरुष घागर उचलून निघाला आहे. डाव्या कोपऱ्यात वासरू खुंटाला बांधलेलं, दावं ताणून गायीकडे ओढ घेणारं. ओट्यावर एक पोर रिकामी वाटी घेऊन बसलेलं. सांगणाऱ्यानं सांगायचं ते घागरींचं, लगबगीचं, देवळाकडे निघालेल्या रांगेचं. वासराचं नाव काढायचं नाही. मूळ कहाणीत वासरं आणि मुलं उपाशी राहिल्याचं सरळ सांगितलेलं आहे, कारण ऐकणाऱ्यासमोर चित्र नव्हतं. चित्र असलं की ते काम चित्राकडे सोपवता येतं. गोष्टीचं उत्तर इथे सगळ्यांसमोर उघड ठेवलेलं असतं, फक्त त्याकडे कुणी बोट दाखवलेलं नसतं.

उत्तर लपवणं आणि ते शेवटपर्यंत राखून ठेवणं यांत मोठा फरक आहे. वासरू चित्रात नसेलच, तर शेवटी म्हातारीचं बोलणं आकाशातून पडल्यासारखं वाटतं आणि मुलं ते एक नवा नियम म्हणून ऐकून घेतात. वासरू पहिल्यापासून दिसत असेल, तर शेवटी त्यांना वाटतं, अरे, हे तर आपण पाहिलं होतं!

पाचव्या स्लाइडवर गाभारा. दूध अर्ध्यापर्यंत आलेलं, खाली तीनच शब्द: ‘गाभारा भरला नाही.’ इथे थांबून विचारायचं, का बरं भरला नसेल? उत्तर बरोबर की चूक हे सांगायचं नाही, फक्त ऐकून घ्यायचं. तिसरीच्या एका वर्गात मी हे विचारलं, तेव्हा एक मुलगी ताडकन म्हणाली, “लोकांनी दुधात पाणी घातलं असेल.” मागच्या बाकावरून आवाज आला, “गाभाऱ्याला भोक असेल.” दोन्ही उत्तरं हुशारीची होती. मुलं राजासारखाच विचार करत होती, दूध कुठे कमी पडलं याचा. याच वाटेनं त्यांना थोडं चालू द्यायला हवं, म्हणजे पुढे म्हातारीचं उत्तर वेगळ्या दिशेनं आलं की ते त्यांना जाणवतं.

सहावी स्लाइड म्हातारीच्या घराची, आणि तिची मांडणी चौथीसारखीच. डाव्या कोपऱ्यात वासरू, पण आता दावं सुटलेलं आणि तोंड आचळाला. ओट्यावर नातवंडं, त्यांच्या वाट्यांत दूध, ओठांवर पांढऱ्या मिश्या. सून समाधानानं टेकून बसलेली. म्हातारीच्या हातात शीर्षकावरचं तेच इवलं भांडं. या स्लाइडवर रेंगाळावं. इथेही कारण बोलायचं नाही, फक्त कृती सांगायची: म्हातारीनं यांना दिलं, त्यांना दिलं, उरलं ते घेतलं आणि निघाली.

सातवीत भर दुपारचं सुनसान देऊळ, ती एकटी, फूल-बेल वाहून दूध अर्पण करणारी. आठवीत पुन्हा तोच गाभारा, काठोकाठ. ‘गाभारा भरला.’ पाचवी आणि आठवी या दोन स्लाइड हुबेहूब एकसारख्या असतील, तर वर्गातून हमखास आवाज उठतो. दुधाची पातळी सरकत वर चढवण्याचं अ‍ॅनिमेशन मात्र टाळावं. मुलं त्या सरकण्याची मजा घेतात, टाळ्या वाजवतात, ‘परत दाखवा’ म्हणतात आणि प्रश्न विसरतात.

कहाणीत हे तीन सोमवार घडतं. पहिल्या सोमवारी राजाला नुसता अचंबा वाटतो, दुसऱ्या सोमवारी तो पहारा बसवतो तरी उलगडा होत नाही, तिसऱ्या सोमवारी तो स्वतः बसतो आणि म्हातारीचा हात धरतो. सांगणाऱ्याला मधला सोमवार गाळावासा वाटतो. तो गाळू नये. त्या पुनरावृत्तीमुळेच मुलांना पुढचं ओळखता येऊ लागतं. पण तो एकाच स्लाइडवर, भरभर उरकावा: नववीच्या डाव्या अर्ध्यात देवळाच्या दारात डुलक्या घेणारा शिपाई, उजव्या अर्ध्यात भरलेला गाभारा. दहावीत खांबाआड राजा आणि त्यानं पकडलेला म्हातारीचा हात. म्हातारी घाबरलेली. राजा तिला अभय देतो आणि विचारतो, हे कसं घडतं?

खरी अडचण इथे येते. मूळ कहाणीत तात्पर्य अगदी शेवटी नाही. म्हातारी कारण सांगते, मग राजा तसं वागतो, मग त्याच्या हातूनही गाभारा भरतो, आणि त्यानंतर सुफळ संपूर्ण. व्रताच्या कहाणीत हाच क्रम योग्य आहे, कारण सांगितलेलं खरं ठरलं हे ऐकणाऱ्याला दाखवून द्यायचं असतं. स्लाइडवर मात्र असं केलं, की म्हातारी बोलताच गोष्ट मनात संपते आणि उरलेल्या स्लाइडच्या वेळी चुळबुळ सुरू होते. दुसरीकडे राजाच्या हातून गाभारा भरला हा भाग कापून टाकला, तर म्हातारीचं म्हणणं नुसतं म्हणणंच राहतं.

यावर एक तोडगा आहे, आणि तो कहाणीला धक्का लावत नाही. अकराव्या स्लाइडवर म्हातारी राजाच्या कानाशी काहीतरी सांगताना दाखवायची. काय सांगितलं ते प्रेक्षकांना कळत नाही. सांगणारा म्हणतो, म्हातारीनं राजाला सांगितलं, राजानं मान खाली घातली आणि दुसरी दवंडी पिटवली. बारावी स्लाइड पुढच्या सोमवारची, पुन्हा बिनशब्दांची: चौथीतलंच अंगण, तेच लोक, पण वासरू गायीजवळ आणि ओट्यावरच्या पोराची वाटी भरलेली. वरच्या कोपऱ्यात भरलेला गाभारा आणि त्याच्यापुढे हात जोडलेला राजा. आधी परिणाम दिसतो, शब्द मागून येतात. आता विचारायचं, म्हातारी काय म्हणाली असेल?

याच क्षणी पॉवरपॉइंटमध्ये कीबोर्डवरची B ही कळ दाबावी. पडदा काळा होतो आणि पुन्हा दाबली की चित्र परत येतं. गूगल स्लाइड्समध्येही हे चालतं. पडदा विझला की मुलं पडद्याऐवजी एकमेकांकडे आणि तुमच्याकडे पाहतात. त्या वर्गात इथे बराच गलका झाला. भोकवाल्या मुलानंच शेवटी “वासराला आधी प्यायला दिलं!” असं ओरडून सांगितलं. त्यानंतर तेरावी स्लाइड आली.

शेवटच्या स्लाइडवर काय असावं, याबाबत मी थोडी हट्टी आहे. ‘तात्पर्य’ असं लिहू नये. भूतदया, त्याग, समाधान, भक्ती अशी मूल्यांची यादी तर नकोच, ती शिक्षकांच्या टाचणात शोभते. ही गोष्ट म्हातारीनं सांगितली आहे, तेव्हा शेवटचा शब्दही तिचाच असावा, तिच्या तोंडचा, मुलांना घरी जाऊन जसाच्या तसा सांगता येईल एवढा. मी असा लिहीन: ‘वासरू उपाशी, पोर उपाशी, तर देवाला ते दूध गोड कसं लागेल?’ शेजारी फक्त म्हातारीचा चेहरा. ‘म्हणून आपण सर्वांनी’ असं सुरू होणारं दुसरं वाक्य जोडायची गरज नाही, कारण काय करायचं ते बाराव्या स्लाइडवर दिसून गेलं आहे. कहाणीतली फलश्रुती घरी पूजेच्या वेळी सांगितली जाते, तिची जागा तिथे. वर्गात सगळ्या घरांतली मुलं असतात आणि वासराच्या भुकेचा मुद्दा प्रत्येकाला कळतो.

काम सुरू करताना मात्र हीच स्लाइड पहिली लिहावी. ते वाक्य नीट उभं राहिलं, तरच उरलेल्या बारांत खुणा कुठे ठेवायच्या ते कळतं. आणि कितीही प्रयत्न करून ते लिहिता आलं नाही, तर समजावं, की या गोष्टीला तात्पर्यच नाही. ‘चल रे भोपळ्या’ची म्हातारी लेकीकडे जाते, लठ्ठ होते आणि भोपळ्यात बसून वाघ-कोल्ह्याला चकवते. तिच्या शेवटी ‘आईवडिलांचा मान राखा’ किंवा ‘पौष्टिक आहार घ्या’ असं चिकटवलेलं मी पाहिलं आहे. ती गोष्ट मजेची आहे. तिची शेवटची स्लाइड म्हणजे घरी सुखरूप पोचलेली म्हातारी, बस्स.

राखून ठेवलेलं उत्तर फुटतं ते बहुधा यंत्राच्या बाजूनं. प्रोजेक्टर आधी चालू होतो, फाइल नंतर उघडते, आणि डाव्या पट्टीत सगळ्या स्लाइडची छोटी चित्रं ओळीनं झळकतात. पहिल्या बाकावरच्या मुलांना तेवढं पुरतं. म्हणून आधी फाइल उघडून F5 दाबावं, पहिली स्लाइड पूर्ण पडद्यावर आली की मगच प्रोजेक्टरला जोडावं. दुसरा घात अक्षरांचा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेलं वाक्य दुसऱ्या संगणकावर इंग्रजी अक्षरांचा कचरा होऊन दिसतं. युनिकोड असलं तरी वापरलेला फॉन्ट तिथे नसेल, तर दुसराच येतो, ओळी सरकतात आणि म्हातारीचं एकुलतं एक वाक्य चौकटीबाहेर जातं. मराठीत टंकताना युनिकोड फॉन्ट वापरावा, अक्षरं 40 पॉइंटच्या आसपास ठेवावीत, वरखालच्या मात्रा-उकारांसाठी ओळींत मोकळी जागा सोडावी आणि पीडीएफची एक प्रत सोबत ठेवावी. पीडीएफमध्ये अक्षरं हलत नाहीत. ती प्रत पालकांच्या ग्रुपवर पाठवायची असेल, तर गोष्ट सांगून झाल्यावर पाठवावी.

शाळेतल्या बहुतेक स्लाइडच्या शेवटी ‘धन्यवाद’ची एक स्लाइड जोडलेली असते, फुलांच्या नक्षीसह. या गोष्टीला ती जोडू नका. म्हातारीचं वाक्य पडद्यावर राहू द्या, ‘यातून आपण काय शिकलो?’ असं विचारू नका आणि मुलं आपणहून उठेपर्यंत ते तसंच असू द्या.